पाच मशीनची आजची किंमत

बुधवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी शरीफा तुंगेकर दुसऱ्यांदा तीच बेरीज करत होत्या. बेरीज बरोबर होती, आणि त्यांना राग त्याचाच होता. चूक असती तर लाल पेनाने गोल करून कागद परत पाठवता आला असता. अशा कागदांत बेरीज कधीच चुकत नाही.

जुन्या पनवेलमधल्या ट्रस्टच्या दवाखान्यात लेखा विभाग तळमजल्यावर, डायलिसिसच्या खोलीला लागून आहे. मधली भिंत प्लायवूडची. पहिली पाळी सातला सुरू होते आणि मशीनचे अलार्म भिंतीतून ऐकू येतात. पाचपैकी दोन मशीन आता दिवसातून चार-पाच वेळा उगाचच ओरडतात. तंत्रज्ञ येऊन बटण दाबतो, पुन्हा ओरडतात. पाचही बारा वर्षांची आहेत. ती बदलायला हवीत, यावर दवाखान्यात कोणाचेच दुमत नाही. वाद होता तो नवी विकत घ्यायची की भाड्याने, एवढाच.

शरीफाबाईंचे वय त्रेपन्न. या खुर्चीत चोवीस वर्षे. पगार एकतीस हजार. नवरा इमाद एकोणीस वर्षे बहारीनला एका गोदामात आहे, दोन वर्षांतून एकदा येतो. मुलगी जास्मीन खारघरला फार्मसी शिकते. बाईंनी बी.कॉम. पनवेललाच केले, पुढे कॉस्टिंगची परीक्षा धरली आणि दुसऱ्या गटात सोडली. त्या अभ्यासातली एकच वस्तू उरली आहे, टेबलाच्या काचेखाली ठेवलेला तक्ता. पुढे कधीतरी मिळणाऱ्या किंवा द्यायच्या एका रुपयाची आजची किंमत किती, ते त्यात दरवार आणि वर्षवार छापलेले आहे. सात टक्क्यांच्या रकान्यात पहिल्या वर्षासमोर ०.९३५, पाचव्यासमोर ०.७१३. म्हणजे पाच वर्षांनी द्यायचा रुपया आज एकाहत्तर पैशांचा, कारण एकाहत्तर पैसे आज सात टक्क्यांनी ठेवले तर तोवर त्यांचा रुपया होतो. तक्त्यात एवढेच असते. बाई म्हणतात, हे समजायला डोके लागत नाही, सरळपणा लागतो.

समोरचा कागद मशीन भाड्याने देणाऱ्या कंपनीचा होता, चार रंगांत छापलेला. त्याच्या हिशेबाने पाच वर्षांच्या भाड्याची आजची किंमत तेवीस लाख सहा हजार. विकत घेण्याची आजची किंमत अडतीस लाख त्र्याऐंशी हजार. भाड्याने घेतली तर ट्रस्टचे पावणेसोळा लाख वाचतात, असे खाली हिरव्या चौकटीत. त्याखाली ट्रस्टच्या नेहमीच्या ठरावातली ओळ टाईप केलेली : ‘लेखा विभागाने तपासले’, आणि सहीसाठी मोकळी जागा. या ट्रस्टमध्ये ती सही असल्याशिवाय खरेदीचा ठराव मांडत नाहीत. नियमात तसे कुठे लिहिलेले नाही, पण रीत आहे.

सहा वर्षांपूर्वी एक्स-रेचे मशीन भाड्याने घेतले तेव्हा असाच कागद आला होता. बाईंनी बेरजा तपासल्या, सही केली. त्या मशीनचे भाडे भरता भरता त्याच्या किमतीच्या वर पैसे गेले आणि मशीन कंपनी घेऊन गेली. ती सही अजून फाईलमध्ये आहे. म्हणून या वेळी त्यांनी बेरीज सोडून बेरजेच्या आत काय घातले आहे ते पाहिले.

आत काय होते ते सांगायला चार मुद्दे पुरतात. भाडे वर्षाला नऊ लाख साठ हजार, देखभाल धरून. कागदात मात्र ते सहा लाख बहात्तर हजार धरले होते, कारण भाडे खर्ची टाकले की तीस टक्के आयकर वाचतो. ट्रस्ट धर्मादाय म्हणून नोंदलेला आहे, तो आयकर भरतच नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचणार कुठून? दुसरे म्हणजे, करारात भाडे वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ द्यायचे होते आणि कागदाने ते वर्षअखेरीला दिल्यासारखे मोजले होते. तिसरे, दर चौदा टक्के. दर जेवढा चढा, तेवढे पुढचे हप्ते आज लहान दिसतात; आणि भाडे म्हणजे सगळे पुढचेच हप्ते. ट्रस्टचे एक्केचाळीस लाख राखीव ठेवीत आहेत, त्यांवर सात टक्के मिळतात. मशीन घेण्यासाठी ट्रस्ट सोडणार ते सात टक्के, चौदा नव्हेत. आणि शेवटचे, विकत घेतलेली मशीन पाच वर्षांनी एकेक लाखाला तरी जातील हे कंपनीच्याच जुन्या मालाच्या यादीत होते, पण इथे त्या जागी शून्य.

‘चार ठिकाणी हात मारलाय, आणि चारही एकाच बाजूला,’ बाई स्वतःशीच बोलल्या. चोरी त्यांना नवी नव्हती. पण ही चोरी चार रंगांत छापून, त्यांच्याच सहीला जागा सोडून आली होती.

त्यांनी स्वतःचा कागद केला. खरेदी : आज पस्तीस लाख. पहिले वर्ष हमीचे. दुसऱ्या ते पाचव्या वर्षी देखभाल दीड-दीड लाख, त्याची आजची किंमत चार लाख चौऱ्याहत्तर हजार सातशे पन्नास. शेवटी मशीन विकून पाच लाख, त्याचे आजचे तीन लाख छप्पन्न हजार पाचशे, ते वजा. एकूण छत्तीस लाख अठरा हजार दोनशे पन्नास. भाडे : पहिला हप्ता आजच, म्हणून पूर्ण, पुढचे चार सात टक्क्यांनी. एकूण बेचाळीस लाख अकरा हजार पाचशे वीस. खरेदी पाच लाख त्र्याण्णव हजारांनी स्वस्त. मग त्यांनी कंपनीचाच चौदा टक्क्यांचा दर लावून पाहिला, फक्त बाकीच्या तीन चुका काढून. तरीही खरेदी एक लाख बत्तीस हजारांनी स्वस्तच निघाली.

प्लायवूडपलीकडे अलार्म वाजला. कोणीतरी बटण दाबले.

नऊच्या सुमारास वेणूबाई भोपी दारात आल्या. नेऱ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून आठवड्याला दोनदा येतात, बुधवारी आणि शनिवारी, दुपारच्या पाळीला. बस लवकरची एकच आहे, म्हणून तीन तास बसून राहतात. वय साठच्या आतबाहेर. डाव्या हातावर नस फुगून दोरखंडासारखी झालेली.

“शरीफाबाय, पाश्शे करनार म्हनं?”

“कोणी सांगितलं?”

“त्या काउंटरवरच्या शकूनं. चारशाचं पाश्शे. नवीन मशिनी येनार म्हून.” वेणूबाईंनी खुर्ची ओढली. “आमाला नवीन नको. जुनीच घाला. ती वराडते, वराडू दे. माझी सासू पन वराडायची.”

“अजून काही ठरलेलं नाही. चारला मीटिंग आहे.”

“ठरलं नसल तर तिला कसा ठावं?”

सरकारी योजनेत हे केंद्र अजून बसलेले नाही. कागद दोन वर्षे फिरतायत. तोवर रुग्ण एका वेळेचे चारशे खिशातून भरतात. पाच मशीन, दोन पाळ्या, महिन्याला सव्वीस दिवस : वेळेमागे शंभर वाढवले की वर्षाला तीन लाख बारा हजार. विकत घेतली तर पैसे ठेवीतून गेले असते, देखभालीचे दीड लाख दरवर्षीच्या देणग्यांतून निघाले असते आणि दर चारशेच राहिला असता. भाड्याचे नऊ लाख साठ हजार सगळे देणग्यांतून निघत नाहीत. म्हणून प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर दर पाचशे. वेणूबाईंना ते वर्षाला दहा हजार चारशे रुपये जास्त पडणार होते. भाताच्या दीड एकरातून आणि म्हशीच्या दुधातून.

“मी बोलते,” शरीफाबाई म्हणाल्या. एवढे बोलूनही त्यांना स्वतःचा संताप आला. बोलणे हे काही त्यांचे काम नव्हते, मोजणे होते.

अकरा वाजता कंपनीचा माणूस आला. अथर्व नाव, कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्राची पट्टी.

“मॅडम, फक्त एक सही राहिलीय.”

“हे तीस टक्के कुठून आले?”

“टॅक्स बेनिफिट, मॅडम. लीजचा तोच तर मोठा फायदा.”

“आम्ही आयकर भरत नाही.”

“हो, म्हणजे ते फॉरमॅटमध्ये बाय डिफॉल्ट येतं.”

“आणि भाडं वर्षअखेरीला धरलंय ते? करारात पहिल्या दिवशी आहे.”

“तेही बाय डिफॉल्ट.”

“तुमचं सगळं डिफॉल्ट तुमच्याच बाजूनं पडतं. एखादं चुकून आमच्याकडे का नाही पडलं?”

अथर्व हसला. चांगल्या मनाने हसला, हेच वाईट होते. “मॅडम, खरं सांगू? सचिव घरतशेठांचं फायनल झालंय. तुम्ही कशाला टेन्शन घेता? हा कागद कोण वाचतंय?”

“मी वाचलाय,” बाई म्हणाल्या.

दुपारी एकला त्या खजिनदार इलियासभाई पाटणकरांकडे गेल्या. इलियासभाई कुवेतच्या एका बँकेत बावीस वर्षे होते. ट्रस्टवर हिशेब समजणारा तेवढा एकच विश्वस्त. त्यांचे घर मोहल्ल्यात, मशिदीच्या मागच्या गल्लीत. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद ओळीओळीने वाचले. तक्ता मागितला नाही. सात टक्क्यांचे आकडे त्यांना पाठ होते.

“तुझं सोळा आणे बरोबर आहे, शरीफा. हे तर बिलकुल बोगस आहे. कर न भरणाऱ्याला करात सवलत! तौबा.”

“मग मीटिंगमध्ये तुम्ही मांडा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.”

“तू मांड. मी आहे ना.” त्यांनी बशीतली खारी पुढे केली. “घे. अंबरनाथहून आलीय.”

बाईंनी खारी घेतली नाही. ‘मी आहे ना’ हे शब्द त्यांनी चोवीस वर्षांत कितीतरी तोंडांतून ऐकले होते. तरी जिना उतरताना त्यांना हलके वाटले, कारण माणसाला एकजण पुरतो.

ट्रस्टचे सचिव काशीराम घरत. सत्तर वर्षांचे, धिप्पाड, पांढरा सदरा. कळंबोलीच्या अलीकडची जमीन गेली, मोबदला आला, त्यातून आणखी जमीन घेतली, विकली, इमारती बांधल्या. दवाखान्याला त्यांनी पैसे दिले आहेत, हे खरे आहे. आणि दवाखान्यातल्या प्रत्येक बाकड्यावर ते लिहिलेलेही आहे. त्यांचे वडील वारले त्याला आता दहा वर्षे होतील. त्यांच्या नावाने दवाखान्याला काळ्या ग्रॅनाइटचे प्रवेशद्वार करायचे शेठच्या मनात आहे, आत दालन आणि दालनात मोठे तैलचित्र. नकाशा तयार आहे. अंदाजे खर्च अडतीस लाख. राखीव ठेव एक्केचाळीस लाख. मशीन विकत घेतली तर ग्रॅनाइटला पैसे उरत नाहीत. हे दवाखान्यातल्या झाडूवालीपासून सगळ्यांना माहीत होते, आणि कोणी बोलत नव्हते.

चारला सात विश्वस्त बसले. चहा आला, वडे आले. शेठनी अथर्वचा कागद वर धरला. “पावनेसोळा लाख वाचतात. मला वाटतं यावर चर्चा नको. शरीफाबाय, सही राहिलीय तुमची.”

“शेठ, आधी माझा कागद ऐका.”

त्यांनी वाचून दाखवला. सहा मिनिटे लागली. चार चुका, दोन बेरजा, दोन दर. त्यांचा आवाज वर गेला नाही. एका विश्वस्ताने वड्याचा तेलकट हात ठरावाच्या प्रतीला पुसला. कोणी मध्ये बोलले नाही, म्हणून बाईंना वाटले सगळ्यांना समजते आहे. आणि खरेच समजत होते.

“म्हनजे भाड्यानं घेतलं तर पावनेसहा लाखांचा तोटा,” शेठ म्हणाले.

“जवळपास सहा. आजच्या किमतीत.”

“आनि कंपनीच्या दरानं?”

“तरी सव्वा लाखाचा.”

“बरोबर हाय.” शेठनी मान डोलावली. “तुमचा हिशोब कदी चुकत नाय. पन शरीफाबाय, आजची किंमत, उद्याची किंमत, ही पुस्तकातली गोष्ट. ठेव मोडायची म्हंजे ट्रस्टचा कना मोडायचा. भाडं हळूहळू जातं, कळत नाय.”

तेव्हा शरीफाबाईंच्या तोंडून ते निघाले. नंतर त्यांनी त्याचा विचार केला, पण ते वाक्य परत घ्यावेसे त्यांना एकदाही वाटले नाही.

“शेठ, नेऱ्याच्या जमिनीला पुस्तकच लावलं होतं. माझ्या टेबलावर.”

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बिल्डरने शेठना दोन पर्याय दिले होते : दोन कोटी, पण पाच वर्षांत चाळीस-चाळीस लाखांनी, दर वर्षअखेरीला, नाहीतर आज एकरकमी एक कोटी सत्तर. शेठ कागद घेऊन लेखा विभागात आले, त्याच काचेखालच्या तक्त्यासमोर बसले. बाईंनी सात टक्क्यांच्या पाच आकड्यांची बेरीज केली, ४.१०, चाळीस लाखांना गुणले : एक कोटी चौसष्ट. म्हणजे दोन कोटींपेक्षा आजचे एक सत्तर मोठे. शेठना दुसऱ्यांदा समजावावे लागले नव्हते. त्यांनी मांडीवर थाप मारली होती आणि त्याच संध्याकाळी एक सत्तर घेतले होते.

आता त्यांनी चहाचा घोट घेतला. चिडले नाहीत. हसले.

“ती जमीन माझी व्हती, बाय.”

दोघेतिघे हसले. विनोद म्हणूनच हसले. शरीफाबाईंना वाटले होते शेठना समजत नाही, समजावले की होईल. या एका भाबडेपणावर त्यांनी सकाळपासून कागद रंगवला होता. शेठना त्यांच्याइतकेच समजत होते. स्वतःचा रुपया आणि ट्रस्टचा रुपया यांना ते वेगवेगळे तक्ते लावत होते, एवढेच.

त्यांनी इलियासभाईंकडे पाहिले. इलियासभाई चष्मा पुसत होते.

“इलियासभाई, तुमी बोला,” शेठच म्हणाले. “तुमी बँकेतलं मानूस.”

“शरीफाचा हिशेब आपल्या जागी ठीक आहे,” इलियासभाई म्हणाले. चष्मा अजून पुसून व्हायचा होता. “पण व्यवहार बघावा लागतो. सचिवांनी सगळा विचार करूनच ठरवलं असेल.”

“मी त्या कागदावर सही करणार नाही,” शरीफाबाई म्हणाल्या. “माझ्या कागदावर केलीय. तो ठरावाला जोडा.”

“नका करू. जबरदस्ती नाय.” शेठनी ठरावाची प्रत पुढे सरकवली. “‘लेखा विभागाने’ काटा, ‘खजिनदारांनी’ घाला. खजिनदार हायेत ना बसलेले.”

एका विश्वस्ताने पेनाने काटले, वर लिहिले. प्रत टेबलाभोवती फिरत इलियासभाईंपर्यंत आली.

“कुठे करायची?” त्यांनी विचारले.

शेठनी बोट ठेवले. इलियासभाईंनी सही केली, मोठी, उर्दू वळणाची, खाली दोन टिंबे. मग त्यांनी वडा घेतला. ठराव सर्वानुमते मंजूर.

पाच वाजता बाईंनी स्वतःचा कागद आवक नोंदवहीत चढवला. आवक क्रमांक ३१७. शेठना दोष देता येईल असे त्यात काही नाही; पण मार्चमध्ये लेखापरीक्षक येतो तेव्हा आवक वही मागतो, आणि एकदा क्रमांक पडलेला कागद फाईलमधून नाहीसा करायला क्रमांकही नाहीसा करावा लागतो. त्यांच्या हाती एवढेच होते. राजीनाम्याचा विचार त्यांनी पंचेचाळीस सेकंद केला. जास्मीनची फी एकोणतीस हजार, डिसेंबरात.

साडेपाचला शेठ दारात उभे राहिले.

“शरीफाबाय, राग नाय ना?”

“नाही.”

“मग ते दराचं करून टाका आजच. बिलाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तुमच्याकडंच हाय.”

“मशीन यायला सहा आठवडे आहेत, शेठ. जुन्या मशीनवर पाचशे कसे घ्यायचे?”

“भाडं आगाऊ हाय ना?” शेठ म्हणाले. “तुमीच तर सांगितलंत. पहिला हप्ता आजच्या किमतीत पूर्ण. तो जमवायला नको?”

ते गेले. बाईंनी बिलाचा कॉम्प्युटर सुरू केला. कंपनीचा कागद लपवत होता ती आगाऊची गोष्ट त्यांनी उघडी केली होती, आणि शेठनी ती उचलून त्याच संध्याकाळी वेणूबाईंच्या पावतीवर ठेवली होती. काही माणसांच्या हातात खरे दिले तरी ते नासते, असे त्यांना वाटले. मग त्यांना स्वतःच्या बोटांची शिसारी आली, कारण ती बोटे पासवर्ड टाईप करत होती.

सेवा दर. डायलिसिस, एक वेळ. ४००. त्यांनी चार खोडून पाच टाकला. ‘बदल जतन करायचा का?’ पडद्याने विचारले. लागू तारीख गुरुवार. त्यांनी ‘होय’वर दाबले आणि दिवा घालवला.

दुपारची पाळी संपली होती. बाकावर वेणूबाई चप्पल चढवत होत्या. दंडाच्या पट्टीखाली कापूस, चेहरा पाण्यातून काढल्यासारखा.

“बोललीस का गं, बाय?”

“बोलले.”

“मग?”

“शनिवारी पाचशे आणा.”

वेणूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. शिवी दिली नाही. “बोलून काय झालं मग?” एवढेच म्हणाल्या, आणि बसच्या वेळेसाठी निघाल्या.

उद्या गुरुवार. काउंटर पावणेसातला उघडतो, पहिली पाळी सातला सुरू होते. त्या पाळीत पाच रुग्ण आहेत, मशीन जुनीच, आणि प्रत्येकाची पावती पाचशे रुपयांची निघेल.